फॉर्म्युला बरोबर, उत्तर १२०, आणि तरीही चूक

आजचा भाग जरा वेगळा आहे. आज कोडिंग अगदी थोडं, आणि शाळेतलं गणित जास्त. हेडफोन लावून चालत असाल तर चालत राहा, पण मध्ये एक-दोनदा मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडावा लागेल. बसमध्ये उभे असाल तर तोंडीसुद्धा जमेल, आकडे तेवढेच आहेत.

झालं असं की माझा मावसभाऊ भरतीची तयारी करतोय. एका रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. "दादा, एक प्रश्न चुकलाय, पण का चुकला तेच कळत नाहीये." एका ऑनलाइन सराव परीक्षेतला प्रश्न होता. दोन संख्यांचा मसावि १२ आणि लसावि ७२० आहे. त्यांपैकी एक संख्या ७२ असल्यास दुसरी कोणती? पर्याय होते ९६, १२०, १४४ आणि 'यांपैकी नाही'. त्याने 'यांपैकी नाही' निवडलं होतं. उत्तरतालिकेत १२० होतं. एक गुण गेला, वर पाव गुण कापला.

मी तेव्हा ऑफिसचं काम करत होतो. स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणालो, "अरे, मसावि गुणिले लसावि म्हणजे दोन्ही संख्यांचा गुणाकार. १२ गुणिले ७२०, म्हणजे ८६४०. भागिले ७२. १२०. यात काय चुकवलंस?"

तो गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "पण दादा, ७२ आणि १२० चा मसावि काढून बघ ना."

काढला. २४ आला.

प्रश्नात मसावि १२ आहे म्हटलंय आणि इथे २४. लसावि काढला, तर ७२० ऐवजी ३६०. आता गंमत बघा. २४ गुणिले ३६० किती? ८६४०. म्हणजे गुणाकार तंतोतंत जुळतो आणि मसावि-लसावि दोन्ही चुकीचे! फॉर्म्युल्याने मला फसवलं नव्हतं, मीच त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता. आणि बी.टेक.चा दादा म्हणून मी जो आवाज लावला होता, तो मला परत घ्यावा लागला.

हे का झालं ते समजून घ्यायचं असेल तर आधी एक चांगलं उदाहरण बघू. मसावि १८, लसावि १२६०, एक संख्या १८०. दुसरी कोणती?

बहुतेकांना शिकवलेली पद्धत म्हणजे १८ गुणिले १२६०, म्हणजे २२६८०, आणि त्याला भागिले १८०. उत्तर १२६. बरोबर आहे. पण एवढा मोठा गुणाकार करून लगेच त्याला भागायचं, हे मला नेहमी घरातलं सामान टेरेसवर चढवून परत खाली आणल्यासारखं वाटतं.

त्यापेक्षा असं बघा. मसावि १८ आहे, म्हणजे दोन्ही संख्यांच्या पोटात १८ आहे. १८० म्हणजे १८ गुणिले १०. दुसरी संख्या म्हणजे १८ गुणिले काहीतरी. त्या काहीतरीला आपण 'उरलेला भाग' म्हणू. पहिलीचा उरलेला भाग १०. दुसरीचा माहीत नाही.

आता लसावि कसा बनतो? दोघांत समाईक असलेलं १८ एकदाच घ्यायचं, आणि मग दोघांचे उरलेले भाग घ्यायचे. म्हणजे १२६० = १८ × १० × दुसरीचा उरलेला भाग. यातलं १८ × १० म्हणजेच आपली माहीत असलेली संख्या, १८०. म्हणून लसाविला माहीत असलेल्या संख्येने भागलं की दुसरीचा उरलेला भाग थेट हातात येतो. १२६० भागिले १८०, म्हणजे ७. त्याला १८ ने गुणलं की १२६. झालं. मोठा गुणाकार कुठेच नाही.

फॉर्म्युला कुठून आला तेही इथेच दिसतं. दोन संख्यांचा थेट गुणाकार केला तर १८ दोनदा येतो, एकदा १८० मधून आणि एकदा १२६ मधून. लसाविमध्ये तो एकदाच आहे. म्हणून लसाविला आणखी एकदा मसाविने गुणलं की हिशोब बरोबर होतो. तीन संख्यांना हा हिशोब लागू होत नाही, त्याचं कारणही हेच. २, ४ आणि ८ घ्या. मसावि २, लसावि ८, दोघांचा गुणाकार १६. पण तिन्ही संख्यांचा गुणाकार ६४. त्यामुळे तीन संख्यांच्या प्रश्नात हा फॉर्म्युला लावू नका.

आता मघाशी मी एक गोष्ट गुपचूप गृहीत धरली. लसावि म्हणजे समाईक भाग एकदा आणि दोन्ही उरलेले भाग, हे तेव्हाच खरं आहे जेव्हा उरलेल्या भागांत काहीच समाईक नसतं. १० आणि ७ मध्ये १ सोडून समाईक काही नाही. शाळेच्या पुस्तकात अशा जोडीला सहमूळ संख्या म्हणतात. आणि त्या सहमूळ असणारच, कारण त्यांच्यात अजून काही समाईक असतं तर ते आधीच मसाविमध्ये गेलं असतं. 'महत्तम' म्हणतो ना आपण त्याला.

आता भावाच्या प्रश्नाकडे परत या. ७२ भागिले १२, पहिलीचा उरलेला भाग ६. ७२० भागिले ७२, दुसरीचा उरलेला भाग १०. ६ आणि १०. दोघांत २ समाईक आहे! म्हणजे हा २ मसाविमध्ये जायला हवा होता, तो बाहेर राहिलाय. म्हणून खरा मसावि १२ चा दुप्पट, २४ निघाला. आणि तोच २ लसाविमध्ये दोनदा मोजला गेला, म्हणून खरा लसावि ७२० चा निम्मा, ३६०. एकीकडे दुप्पट, दुसरीकडे निम्मं, म्हणून गुणाकार जसाच्या तसा राहिला. फॉर्म्युल्याला ही चूक दिसणंच शक्य नव्हतं, कारण तो फक्त गुणाकार बघतो.

आणि लक्षात घ्या, वरवरच्या सगळ्या तपासण्या इथे पास होतात. १२ ने ७२ ला भाग जातो. ७२ ने ७२० ला भाग जातो. उत्तर अपूर्णांकात येत नाही. १२० ला १२ ने भागही जातो. तरीही मसावि १२, लसावि ७२० आणि एक संख्या ७२ असलेली जोडी जगात नाही. दुसरी संख्या अस्तित्वातच नाही. भावाचं 'यांपैकी नाही' शंभर टक्के बरोबर होतं.

मग मला उत्सुकता लागली की असे बिघडलेले प्रश्न किती सहज तयार होत असतील. मसावि १२ आणि लसावि ७२० कायम ठेवू. ७२० भागिले १२ म्हणजे ६०. हे ६० दोन उरलेल्या भागांत वाटायचंय. ६० चे विभाजक १२ आहेत, म्हणजे दिसायला १२ वेगवेगळ्या संख्या 'एक संख्या' म्हणून देता येतील. पण ६० मध्ये २ दोनदा आहे, २ × २ × ३ × ५. ते दोन्ही २ एकाच बाजूला गेले पाहिजेत. एक इकडे आणि एक तिकडे गेला की प्रश्न बिघडला. तसं होतं ते उरलेला भाग २, ६, १० किंवा ३० असेल तेव्हा, म्हणजे संख्या २४, ७२, १२० किंवा ३६० असेल तेव्हा. बारापैकी चार! कुणीतरी जुना प्रश्न उचलून फक्त एक आकडा बदलला, फॉर्म्युल्याने पूर्ण उत्तर आलं म्हणून खूश झाला, की असा प्रश्न छापला जातो. माझा अंदाज आहे की इथेही असंच झालं असणार.

याच फॉर्म्युल्याचा कोडमध्ये वेगळा त्रास होतो, तोही सांगतो, कारण तो मी नोकरीच्या पहिल्या वर्षी स्वतः करून बसलोय. जावामध्ये असं लिहिलं होतं:

```java
int other = h * l / n;
```

मसावि ३००००, लसावि १८००००, संख्या ६००००. उत्तर ९०००० यायला हवं. आलं १८४१७. एरर नाही, इशारा नाही, काही नाही. कारण ३०००० गुणिले १८०००० म्हणजे ५४० कोटी, आणि `int` मध्ये जास्तीत जास्त २१४ कोटी ७४ लाखांच्या आसपास मावतं. आकडा डब्यात मावला नाही, वरचा भाग कापला गेला, आणि उरलेल्याला निमूटपणे भागून दिलं. उपाय तोच, मघाचा. आधी भागा, मग गुणा:

```java
int other = l / n * h;
```

१८०००० भागिले ६००००, ३. गुणिले ३००००, ९००००. आणि खाली मी आता एक ओळ नेहमी टाकतो, `gcd(n, other) == h` आहे का ते बघणारी. जावाच्या `int` साठी तयार `gcd` नाही, पण युक्लिडच्या पद्धतीने चार ओळींत लिहून होतं. मोठ्या संख्येला लहानीने भागा, बाकी घ्या, मग लहानीला त्या बाकीने भागा, बाकी शून्य येईपर्यंत. १२० ला ७२ ने भागलं, बाकी ४८. ७२ ला ४८ ने भागलं, बाकी २४. ४८ ला २४ ने भागलं, बाकी शून्य. मसावि २४. परीक्षेच्या हॉलमध्ये कच्च्या कागदावर याला दहा सेकंद लागतात. पण उरलेले भाग नुसते डोळ्यांनी बघितले तर तेवढेही लागत नाहीत. ६ आणि १० दिसले की दोन्ही सम आहेत, विषय संपला.

खऱ्या परीक्षेत असा प्रश्न आला आणि 'यांपैकी नाही' हा पर्यायच नसेल तर काय करायचं, हेही भावाने विचारलं. मी म्हटलं, फॉर्म्युल्याचं उत्तर लिहून पुढे जा, तिथे तत्त्वासाठी भांडून वेळ घालवू नकोस. भांडायचं ते नंतर, उत्तरतालिकेवर हरकती मागवतात तेव्हा.

सराव परीक्षेवाल्यांना त्याने दोन वाक्यांचा मेसेज पाठवला. "७२ व १२० चा मसावि २४ येतो, १२ नाही. प्रश्नातील माहिती परस्परविरोधी आहे." चौथ्या दिवशी प्रश्न रद्द झाला आणि सगळ्यांचा तो एक गुण वाढला. मेसेजचा स्क्रीनशॉट मला आला, खाली लिहिलेलं, "दादा, ऑफिसचं काम झालं का?"

तर आता तुमच्यासाठी. मसावि १४, लसावि ८४०. एका प्रश्नात दिलेली संख्या ८४ आहे, दुसऱ्यात १६८. दोन्हीत फॉर्म्युल्याने पूर्ण उत्तर येतं. पण एक प्रश्न खरा आहे आणि एक बिघडलेला. कुठला ते कमेंटमध्ये लिहा, आणि नुसतं उत्तर नको, उरलेले भागही लिहा. भेटू पुढच्या भागात.