सरांचा हात आणि माझी रेघ
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



दहावीनंतर पंचवीस वर्षांनी बाळापुरात आपण सगळे एका मांडवात बसलो आहोत. मला सांगितलं होतं, "तू कार्टून काढतेस ना, मग त्याच्याविषयी दहा मिनिटं बोल." मी कार्टून काढते हे अर्धंच खरं आहे. माझं काम रोटोस्कोपीचं आहे. खरी माणसं चालता-बोलताना चित्रित करायची, आणि त्या चित्रणातलं एकेक चित्र समोर ठेवून त्याच्यावरून रेघा ओढायच्या. त्या रेघांची चित्रं ओळीने पळवली की रेघांचा माणूस खऱ्या माणसासारखा हलतो.

तुम्ही सगळ्यांनी हे लहानपणी केलेलं आहे. भूगोलाच्या वहीत महाराष्ट्राचा नकाशा काढायचा असला की आपण पुस्तकाचं पान वर्गाच्या खिडकीच्या काचेला लावायचो, त्यावर वहीचं पान धरायचो आणि उन्हाच्या उजेडात गिरवायचो. कुणी कागदाला खोबरेल तेल लावायचं. न्यूयॉर्कमध्ये मॅक्स फ्लायशर नावाच्या माणसाने १९१५ साली हेच यंत्रात बसवलं. काचेच्या मागून सिनेमाचं एक चित्र पाडायचं, पुढून कागद ठेवून ते गिरवायचं, मग फिल्म एक घर पुढे सरकवायची. १९१७ साली त्याला पेटंट मिळालं. त्याचा भाऊ डेव्ह विदूषकाचे कपडे घालून नाचला, आणि त्याच्यावरून पडद्यावरचा विदूषक तयार झाला. आज काचेच्या जागी संगणकाचा पडदा आहे आणि पेन्सिलीच्या जागी त्याच्यावर चालणारा पेन आहे, पण काम तेच आहे.

मग यात अवघड काय? अवघड आहे ती रेघ स्थिर ठेवणं. एक चित्र गिरवणं कुणालाही जमतं. पण नव्वद चित्रं वेगवेगळी गिरवली की प्रत्येकात रेघ केसभर इकडेतिकडे पडते. एका चित्रात आपण शर्टाच्या कडेच्या आतून गेलो, पुढच्यात बाहेरून. एकेक चित्र पाहिलं तर कशातच चूक सापडत नाही. ती ओळीने पळवली की माणूस उकळत्या दुधासारखा खदखदायला लागतो. आमच्या धंद्यात त्याला रेघ 'उकळणं' असंच म्हणतात.

काही जण ते मुद्दाम ठेवतात. २००१ साली 'वेकिंग लाइफ' नावाचा अमेरिकन सिनेमा आला, त्यात सगळं जग पाण्यावर तरंगल्यासारखं डोलतं, कारण तो स्वप्नांविषयीचा सिनेमा आहे. माझं काम त्याच्या उलट आहे. माझ्याकडे येणाऱ्याला शांत, न हलणारी रेघ हवी असते.

आता मी आजच्या कामाविषयी सांगते. या मेळाव्यासाठी आपल्या एका मित्राने शाळेत जाऊन आपल्या चित्रकलेच्या सरांचं मोबाईलवर चित्रण केलं. सर फळ्याजवळ येतात, खडू उचलतात, हात वर नेतात आणि कंपासशिवाय एक वर्तुळ काढतात. तेच, ज्याला आपण टाळ्या वाजवायचो. एवढीच सहा सेकंदं. मोबाईल सेकंदाला तीस चित्रं घेतो, म्हणजे एकशे ऐंशी चित्रं झाली. आम्ही सहसा दोन चित्रांमागे एकच रेखाटन करतो आणि ते दोनदा दाखवतो, डोळ्याला चालतं. म्हणजे माझ्या वाट्याला नव्वद रेखाटनं आली.

रेघ स्थिर ठेवायची माझी पद्धत साधी आहे. आधी मी रेघांची यादी करते. सरांच्या उजव्या हाताला अकरा रेघा ठरवल्या: अंगठ्याच्या दोन, चार बोटांच्या मिळून सहा, मनगटाची एक, बाहीची एक, खडूची एक. बारावी रेघ कितीही खुणावत असली तरी काढायची नाही. शर्टाच्या बारीक चुण्या तर मी पाहतच नाही, कारण चुणी दोन चित्रांत दिसते आणि तिसऱ्यात गायब होते, आणि पडद्यावर तिथे काहीतरी लुकलुकल्यासारखं होतं.

दुसरं म्हणजे, मी एक चित्र पूर्ण करून पुढच्याकडे जात नाही. एक रेघ घेते, उदाहरणार्थ बाहीची, आणि ती पहिल्या चित्रापासून शेवटच्यापर्यंत एकटीच काढत नेते. दर वेळी त्याच टोकापासून सुरुवात आणि त्याच टोकाशी शेवट. पेनचा मध्य कापडाच्या कडेवरच ठेवायचा, आत नाही, बाहेर नाही. आधीचं रेखाटन खाली पुसट दिसत असतं, त्याच्याशी ताडून बघता येतं. मग दुसरी रेघ, मग तिसरी.

आणि तिसरं, जे हलत नाही ते पुन्हा काढायचंच नाही. फळा, त्याची चौकट, भिंतीवरचा खिळा हे एकदाच काढलं. वर्तुळसुद्धा मी नव्वद वेळा काढलं नाही. शेवटच्या चित्रातलं पूर्ण वर्तुळ एकदा गिरवलं आणि खडू जिथपर्यंत पोचला असेल तिथपर्यंतच ते उघडत नेलं. नाहीतर फळ्यावर उमटून गेलेली खडूची रेघ वळवळत राहिली असती.

अशा रीतीने मी काम पुरं केलं. अगदी स्वच्छ, शांत रेघ. मला स्वतःलाच आवडलं. सरांना फोनवर पाठवलं. सरांनी दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "चांगलं केलं. पण हा काई माहा हात नाई, पोरी."

मला काही उमगेना. मी मूळ चित्रण पुन्हा लावलं, आणि मग दिसलं. सरांचा हात आता थरथरतो. तुमच्यापैकी जे गावातच आहेत त्यांना हे माहीत असेल, मला नव्हतं. हात हवेत असताना थरथरतो आणि खडू फळ्याला टेकला की शांत होतो. हे थरथरणं माझ्या रेखाटनांत उतरलं होतं, पण मी ते माझ्या रेघेचं उकळणं समजले आणि घासून-पुसून काढून टाकलं.

सर, तुम्ही आम्हाला जयसिंगाच्या छत्रीवर चित्र काढायला नेलं होतं. माझे खांब वाकडे आले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "खांब नाई हालत, तुहा हात हालते." मी तेच वाक्य घेऊन आयुष्यभर काम केलं. समोरचं स्थिर आहे आणि हलतो तो आपला हात, असं धरूनच चालले. या वेळी उलटं होतं.

पण मग प्रश्न आला, की दोन्ही थरथरी वेगळ्या कशा ओळखायच्या? मी एकच चित्र घेतलं आणि आधीचं न पाहता पाच वेळा गिरवलं. खडूचं टोक पाचही वेळा दोन ठिपक्यांच्या आत पडलं. ठिपका म्हणजे पडद्याचा सर्वांत बारीक दाणा. म्हणजे माझ्या हाताची चूक तेवढी. मग मूळ चित्रणाच्या प्रत्येक चित्रात खडूच्या टोकावर नुसती खूण केली. तिथे टोक चौदा ठिपके खाली-वर जात होतं. शिवाय माझी चूक कशीही विखुरलेली असते, बाही डावीकडे तर अंगठा उजवीकडे. सरांच्या हाताच्या अकराही रेघा एकदम, एकाच दिशेला जात होत्या, आणि दर सहा चित्रांनी परत तिथेच येत होत्या. सेकंदाला पाच वेळा.

आणि हेही कळलं की माझ्या पद्धतीत ते टिकणंच शक्य नव्हतं. दोन चित्रांमागे एक रेखाटन केलं की सहा चित्रांच्या एका हेलकाव्यासाठी तीनच रेखाटनं उरतात. तीन रेखाटनांत खाली-वर होणारा हात हा हात वाटत नाही, तो रेखाटणाऱ्याचा ढिसाळपणा वाटतो. तेव्हा हात हवेत असतो ती दोन सेकंदं मी प्रत्येक चित्रावरून वेगळी काढली, म्हणजे साठ रेखाटनं. बाकी शरीर, शर्ट, फळा, सगळं पहिल्यासारखंच ठेवलं. आजूबाजूचं सगळं शांत असलं तरच ती थरथर सरांची वाटते. जरा जरी शर्ट उकळला असता तरी पाहणाऱ्याने सगळं माझ्याच माथी मारलं असतं, आणि ते बरोबरच झालं असतं.

एक कबुली द्यायला हवी. वर्गात उजेड कमी होता, त्यामुळे चार चित्रांत हात वेगात असताना बोटं फरकटली आहेत, कड दिसतच नाही. तिथे मी मागच्या-पुढच्या चित्रावरून अंदाजाने हात काढला. ती चार चित्रं सरांची नाहीत, माझी आहेत. पुढच्या वेळी चित्रण करणाऱ्याने खिडकी उघडावी, एवढंच सांगते.

दुसरं काम सरांना पाठवण्याआधी मी त्यांना विचारलं, की हे सगळ्यांसमोर दाखवलेलं तुम्हाला चालेल का? थरथर नको असेल तर पहिलंच दाखवू. सर म्हणाले, "आधी पाहू तं दे." पाहिल्यावर जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा माहा. हाच दाखव." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले की वर्तुळ डाव्या बाजूने किंचित चपटं झालंय. मी मूळ चित्रण तपासलं. सर, ते तिथेही चपटंच आहे. मी फक्त गिरवलं.

आता दिवे मालवायला सांगते. सहा सेकंदं आहेत, चुकवू नका. खडू फळ्याला टेकतो त्या क्षणी हाताकडे बघा.