ढिगाऱ्यातली एक खरी तक्रार

रविवारची सकाळ आहे, चहाचा कप हातात असेलच. आज बोलायचंय एका प्रश्नावर, जो गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी तिघा-चौघांनी मला विचारला. प्रश्न असा, की आपल्या चॅनेलवर कुणी ठरवून, टोळीनं खोट्या तक्रारी केल्या तर काय करायचं?

उत्तर एका गोष्टीतून देतो. आमच्या गावातली एक ताई. बारा वर्षं जर्मनीत आहे. नव्यानं आलेल्या मराठी मुलामुलींसाठी छोटे व्हिडिओ करते. पत्त्याची नोंदणी कशी करायची, आरोग्यविमा कुठला घ्यायचा, असे. वसंतात तिनं घरभाड्याच्या फसवणुकीवर एक व्हिडिओ केला. घराचे सुंदर फोटो पाठवायचे, ‘मी परदेशात आहे, किल्ली कुरियरनं येईल’ म्हणायचं, डिपॉझिट घ्यायचं आणि गायब व्हायचं. एका विद्यार्थ्याचे असेच पैसे गेले होते. त्याच्या परवानगीनं तिनं ते सगळं चॅट पडद्यावर दाखवलं.

तिसऱ्या दिवशी व्हिडिओ गेला. कारण दिलं होतं: छळ आणि धमकी. चॅनेलला ताकीदही मिळाली. त्याच संध्याकाळी एका हितचिंतकानं तिला एका ग्रुपमधल्या मेसेजचा स्क्रीनशॉट पाठवला. ‘रात्री नऊ वाजता सगळ्यांनी हा व्हिडिओ रिपोर्ट करा. कारण काहीही टाका.’ खाली अंगठ्यांची रांग.

ताई चिडली, आणि चिडणं साहजिकच होतं. रात्री तिनं मला अपिलाचा मसुदा पाठवला. चार परिच्छेद, चारही त्या ग्रुपबद्दल. मी फोन करून म्हटलं, ‘ताई, हे पाठवू नकोस. यातलं एकही वाक्य व्हिडिओबद्दल नाही.’

असं का म्हटलं, ते सांगतो. माझं रोजचं काम कंपन्यांच्या तक्रार-यंत्रणा बसवण्याचं. सर्व्हर बंद पडला की एका तासात शंभर तिकिटं येतात. आम्ही शंभर वेळा सर्व्हर तपासत नाही. सगळी तिकिटं एका मूळ तिकिटाला जोडतो आणि एकदाच तपासतो. व्हिडिओच्या तक्रारींचंही साधारण तसंच चालतं. तक्रारींमुळे व्हिडिओ तपासणीच्या रांगेत येतो, कधी रांगेत पुढे सरकतो. पण तपासणाऱ्याच्या समोरचा प्रश्न ‘किती जण म्हणतात’ हा नसतो. ‘यात कुठला नियम मोडलाय, आणि कुठे’ हा असतो. यूट्यूबचा नियमही हेच सांगतो, की तक्रार आली म्हणून व्हिडिओ आपोआप जात नाही.

मग टोळी यशस्वी कशी होते? ती तपासणाऱ्याला फसवत नाही, ती त्याला तुमच्या व्हिडिओपुढे पुन्हा पुन्हा आणून बसवते. त्याच्याकडे वेळ थोडा, भाषा बहुधा परकी. दहा वेळा तपासणी झाली तर एखाद्या वेळी चूक होते. टोळीला ती एक चूक पुरते.

आता खरी तक्रार आणि ठरवून केलेली तक्रार वेगळी कशी ओळखतात, ते ऐका. ठरवून केलेल्या तक्रारी एकदम येतात आणि एकदम थांबतात. मजकूर एकमेकांची नक्कल असतो. कारणं मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. एकाच व्हिडिओवर कुणी अश्लील म्हणतं, कुणी दहशतवादी, कुणी स्पॅम. दहा मिनिटांचा व्हिडिओ उघडून वीस सेकंदांत तक्रार केलेली असते. आणि त्याच खात्यांनी पूर्वी केलेल्या तक्रारी बहुतेक फेटाळलेल्या असतात. खऱ्या तक्रारी सहसा दिवसांवर विखुरलेल्या असतात, एकाच कारणाभोवती फिरतात, आणि त्यांत जागा सांगितलेली असते: अमुक मिनिटाला अमुक आहे.

पण इथे एक मोठी मेख आहे. खाती खोटी असतीलच असं नाही. 2021 च्या डिसेंबरमध्ये मेटा कंपनीनं व्हिएतनाममधलं एक जाळं काढून टाकल्याचं जाहीर केलं. सरकारवर टीका करणाऱ्यांची खाती बंद पाडण्यासाठी हे लोक शेकडो, काही वेळा हजारो तक्रारी करत होते, आणि त्यासाठी मुख्यतः स्वतःची खरी आणि दुय्यम खाती वापरत होते. काहींनी तर ज्याला लक्ष्य करायचं त्याच्याच नावाची बनावट खाती काढली आणि मग मूळ माणसालाच तोतया ठरवून तक्रार केली. म्हणजे ‘खातं खरं आहे’ एवढ्यावरून ‘तक्रार खरी आहे’ ठरत नाही.

उलटंही तितकंच खरं. एखादा खरोखरच वाईट व्हिडिओ व्हायरल झाला की प्रामाणिक माणसंही एकाच रात्री शेकड्यानं तक्रार करतात. लाट आली म्हणून ती खोटीच, असं म्हणता येत नाही. म्हणून लाटेच्या आकारावरून कुठल्या तक्रारीवर किती भरवसा ठेवायचा तेवढं कळतं. निर्णय शेवटी व्हिडिओतच शोधावा लागतो.

तेव्हा मी ताईला म्हटलं, ‘आपणच तपासणारे होऊ. तुझा व्हिडिओ लावू आणि कागद-पेन्सिल घेऊन बसू.’ मूळ फाइल तिच्या लॅपटॉपवर होतीच. आम्हाला दोन जागा सापडल्या.

पहिली दुसऱ्या मिनिटाला. ताई म्हणते, ‘ही माणसं गोड बोलून केसानं गळा कापतात. यांना सोडू नका, पोलिसांत जा.’ तुम्हाआम्हाला यात काही वाटत नाही. पण आपोआप तयार झालेली इंग्रजी सबटायटल्स पाहिली, तर तिथे गळे कापण्याची गोष्ट आणि ‘सोडू नका’ एवढंच उरलं होतं. मराठी न जाणणाऱ्या माणसानं ते वाचून धमकी समजली असेल, तर त्याला दोष कसा द्यायचा?

दुसरी जागा चार मिनिटं बारा सेकंदांवर. चॅटच्या चित्रात वरच्या कोपऱ्यात एक फोन नंबर स्पष्ट दिसत होता. फसवणाऱ्याचा नव्हे, फसलेल्या विद्यार्थ्याचा. ताई गप्प झाली. मग तिनं मेल उघडून दाखवला. चार दिवसांपूर्वी, म्हणजे ग्रुपमधल्या त्या मेसेजच्याही आधी, त्या मुलाच्या बहिणीनं लिहिलं होतं: ‘ताई, 4:12 ला दादाचा नंबर दिसतोय. त्याला अनोळखी फोन येताहेत. कृपया झाकाल का?’ ताईनं तो मेल गडबडीत वाचला होता आणि नंतर सगळ्याच तक्रारींना एकाच टोपलीत टाकलं होतं.

मंडळी, हीच ती ढिगाऱ्यातली खरी तक्रार. वेळ सांगितलेली, नुकसान सांगितलेलं, उपाय सांगितलेला. टोळीचा खरा त्रास व्हिडिओ जाण्यापुरता नसतो. त्या गोंगाटात आपल्याला खरा आवाज ऐकू येईनासा होतो.

ताईनं आधी त्या मुलाला फोन केला आणि माफी मागितली. मग अपील नव्यानं लिहिलं, इंग्रजीत, आठ ओळींत. मतितार्थ असा: ‘हा व्हिडिओ भाड्याच्या फसवणुकीबद्दल सावध करणारा आहे. 2:05 ला वापरलेला मराठी वाक्प्रचार विश्वासघात या अर्थाचा आहे. त्यात शारीरिक इजा अभिप्रेत नाही, पुढचंच वाक्य पोलिसांत जाण्याचं आहे. कुणाही व्यक्तीचं नाव घेतलेलं नाही. 4:12 ला एक खासगी नंबर चुकून दिसतो. ती चूक माझी. तो झाकलेली आवृत्ती तयार आहे.’ ग्रुपच्या मेसेजबद्दल शेवटी एकच ओळ: ‘संघटित तक्रारींचा पुरावा स्वतंत्रपणे पाठवत आहे.’

अपील जपून का लिहायचं? कारण संधी मोजकी असते. यूट्यूबवर एका स्ट्राइकविरुद्ध एकदाच अपील करता येतं. पहिल्या चुकीला सहसा ताकीद, नंतर स्ट्राइक, आणि 90 दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनेलच कायमचं जातं. घाबरून व्हिडिओ डिलीट केला तर स्ट्राइक पुसला जात नाही, हेही लक्षात ठेवा.

निकाल अर्धा आमच्या बाजूनं लागला. धमकीचा ठपका आणि ताकीद मागे घेतली. जुना व्हिडिओ मात्र नंबरमुळे परत आला नाही. ताईनं नंबर झाकून, स्वतः तपासलेली इंग्रजी सबटायटल्स लावून, वर्णनात दोन ओळींत हेतू लिहून नवी आवृत्ती टाकली. मेसेज पुन्हा फिरला असं कळलं. व्हिडिओ हलला नाही.

आता त्या स्वतंत्र पुराव्याचं. स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ आणि तुमच्या व्हिडिओची लिंक दिसायला हवी. इतरांची नावं-नंबर तुम्ही जाहीर करायचे नाहीत, नाहीतर नियम मोडणारे तुम्हीच ठराल. तुम्हाला किती तक्रारी आल्या हे चॅनेलमध्ये दिसत नाही, म्हणून ‘पाचशे जणांनी केलं’ असे आकडे लिहू नका. जे हातात आहे तेवढंच द्या.

आपण युरोपीय संघात राहणाऱ्यांना कायद्याचाही आधार आहे. डिजिटल सर्व्हिसेस ॲक्ट 17 फेब्रुवारी 2024 पासून पूर्ण लागू झाला. त्याप्रमाणे मोठ्या प्लॅटफॉर्मला काढून टाकण्याचं कारण सांगावं लागतं, निर्णयाविरुद्ध निदान सहा महिने मोफत दाद मागता येते, आणि त्या फेरविचाराचा निकाल फक्त यंत्रावर सोडता येत नाही. कलम 23 तर आपल्या विषयाचंच आहे. उघडउघड निराधार तक्रारी वारंवार करणाऱ्यांच्या तक्रारी, आधी ताकीद देऊन, काही काळ हाताळणं थांबवायचं. ते ठरवताना अशा तक्रारी किती, त्याच्या एकूण तक्रारींत त्यांचं प्रमाण किती, परिणाम किती गंभीर आणि शक्य तिथे हेतू काय, हे पाहायचं. म्हणजे एखाद्यानं एकदा चुकून तक्रार केली तर त्याचं तोंड बंद होत नाही. आणि ते योग्यच आहे, कारण उद्या त्या बहिणीसारखी तक्रार कदाचित आपल्यालाच करायची असेल.

ताईनं आता एक वही ठेवलीय. व्हिडिओवर कुणी काही आक्षेप घेतला, तर कुणी घेतला यापेक्षा कितव्या मिनिटाला काय आहे, ते आधी लिहिते. मग व्हिडिओ लावून पाहते. परवा त्या मुलाच्या बहिणीचा पुन्हा मेल आला. दादाचे अनोळखी फोन थांबलेत म्हणाली.

पुढच्या रविवारी भेटूच. नमस्कार!