आरतीआधीची दहा मिनिटे
(मुलांच्या आरतीच्या तालमीनिमित्त पालकांसमोर केलेले भाषण)

आपली मुले शाळेत हिंदी-इंग्रजी बोलतात, पण आरतीला उभी राहिली की आवाज मराठी लावतात, म्हणजे एकदम टिपेचा! पहिल्या कडव्याला जोर, तिसऱ्याला घसा बसलेला. म्हणून आरतीआधी आम्ही दहा मिनिटे गळा तयार करतो. ते कसे, एवढेच आज सांगते.

पहिली दोन मिनिटे खेळ. मुले हत्तीची सोंड हलवावी तसे हात सैल सोडून झुलवतात, खांदे कानापर्यंत नेऊन धपकन खाली टाकतात. मग श्वास. ताज्या मोदकाचा वास घ्यायचा, तोही सावकाश नाकाने, आणि 'स्स्स' करत हवा सोडायची. आधी आठ आकडे, मग बारा. खांदे वर उचलले गेले तर श्वास छातीतच अडकला असे समजावे. पोटावर हात ठेवला की मुलांना फरक कळतो. तीन-चार वेळा पुरे. जास्त केल्यास चक्कर येते.

खरा भर गुणगुणण्यावर. ओठ अलगद मिटलेले, आतून दात सुटे, आणि भुंग्यासारखा 'म्म्म'. ओठांना, नाकाला गुदगुल्या झाल्या की जमले. तोंड बंद असल्याने आतल्या हवेचा दाब स्वरतंतूंना आधार देतो आणि ते एकमेकांवर जोरात आपटत नाहीत. शिवाय गुणगुणताना ओरडताच येत नाही, त्यामुळे शेजारच्याचा सूर आपोआप ऐकू येतो. पेटीवर मध्य सप्तकातल्या पांढरी दोनला सा धरून 'सा रे ग रे सा' गुणगुणायचे, आणि एकेक पट्टी चढत पांढरी पाचपर्यंत जायचे. हनुवटी वर गेली किंवा मानेची शीर फुगली, की तिथूनच परत फिरायचे.

आमच्यातला आठ वर्षांचा एक मुलगा नेहमी खालच्या एकाच सुरात म्हणत असे. त्याला 'गप्प राहा' म्हटले असते तर तो कायमचा गप्प झाला असता. मी त्याचाच सूर पेटीवर शोधला, सगळ्यांना त्या सुरात गुणगुणायला लावले, आणि तिथून झोपाळ्यासारखा आवाज घसरवत वर नेला. पहिल्या दिवशी तो दोनच पट्ट्या वर आला. आठवडाभरात सगळ्यांच्या सा ला येऊन मिळाला. धृपद तो सुरात म्हणतो, अंतऱ्यात अजून घसरतो.

एक पथ्य मात्र पाळा. ज्याचा घसा बसला आहे त्याला त्या दिवशी गायला लावू नका, कुजबुजायलाही नको. कुजबुजण्यानेही घशाला ताण पडतो. त्याच्या हाती टाळ द्या. आणि पेटी मोठ्यांच्या सोयीने न धरता मुलांच्या पट्टीत लावा. आपण मोठ्यांनी थोडे जुळवून घेऊ!