बारा नमस्कार आणि चोवीस वेळा वाकणं

कंबरेत उसण भरली की आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. एक, आठ-पंधरा दिवस पडून राहा. दोन, सूर्यनमस्कार, जोर-बैठका, जिम हे सगळं आता सोडा, जमलं तर थोडं चाला. सल्ला देणाऱ्याची माया खरी असते, पण दोन्ही सल्ल्यांनी माणसाचं नुकसान होतं. पडून राहिल्यानं पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू झपाट्यानं सैल पडतात, दम कमी होतो आणि वाकायची भीती मनात घर करते. मग दुखणं थांबल्यावरही माणूस परत व्यायामाला उभा राहत नाही. माझं म्हणणं असं आहे की साध्या कंबरदुखीत व्यायाम चालूच ठेवावा. त्यातली जी हालचाल दुखावते तेवढीच शोधून काढावी आणि तिच्या जागी तेच काम करणारी दुसरी हालचाल ठेवावी.

पडून राहण्याबद्दल पुरावा काय सांगतो ते आधी पाहू. फिनलंडमध्ये हेलसिंकी शहराच्या नोकरीतल्या, नुकतीच कंबर धरलेल्या 186 जणांवर झालेला एक प्रयोग 1995 साली प्रसिद्ध झाला. काहींना दोन दिवस अंथरुणात राहायला सांगितलं, काहींना पाठीचे ठरावीक व्यायाम दिले आणि उरलेल्यांना म्हटलं, झेपेल तेवढी रोजची कामं करत राहा. सर्वांत लवकर बरे झाले ते रोजची कामं करणारे, आणि सर्वांत सावकाश अंथरुणात राहिलेले. या प्रयोगातली दुसरी गोष्टही माझ्या मते तितकीच मोलाची आहे. ठरावीक व्यायाम करणारेही रोजची कामं करणाऱ्यांच्या मागेच राहिले. म्हणजे उसण भरल्यावर पहिले तीन-चार दिवस खास व्यायामाची घाई नको. घरात वावरावं, थोडं थोडं चालावं, एका जागी फार वेळ बसू नये. बदललेला व्यायाम सुरू करायची वेळ त्यानंतर येते.

आता दुखावणारी हालचाल ओळखायची कशी? बहुतेकांच्या कंबरदुखीला एक दिशा असते. काहींना पुढे वाकताना, बूट घालताना, बराच वेळ बसून उठताना, स्कूटर चालवल्यावर दुखतं आणि उभं राहिलं, चाललं की बरं वाटतं. काहींचं नेमकं उलट असतं. रांगेत उभं राहिलं, मागे वाकलं, उतार उतरला की कळ येते आणि बसल्यावर आराम पडतो. दुपारी, शरीर मोकळं झालेलं असताना, सावकाश दहा वेळा पुढे वाकून पाहावं. थोडं थांबून दहा वेळा मागे झुकून पाहावं. कोणत्या बाजूनं दुखणं वाढत गेलं ते बहुतेक वेळा स्पष्ट कळतं. एका वेळच्या वाकण्यानं मात्र ते कळत नाही, म्हणून दहा वेळा.

एक उदाहरण घेऊ. पंचेचाळिशीचा, दिवसभर टेबलाशी बसून काम करणारा माणूस आहे. पहाटे साडेपाचला उठून तो लगेच बारा सूर्यनमस्कार, पंचवीस जोर आणि पन्नास बैठका काढतो. त्याला पुढे वाकताना दुखतं. बारा अवस्थांच्या आपल्या नेहमीच्या सूर्यनमस्कारात पादहस्तासन दोनदा येतं, तिसऱ्या आणि दहाव्या अवस्थेत. म्हणजे बारा नमस्कारांत पूर्ण पुढे वाकणं चोवीस वेळा झालं, आणि तेही अंथरुणातून उठल्या उठल्या. रात्री आडवं असताना मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणूनच सकाळी आपली उंची थोडी जास्त भरते. फुगलेली गादी वाकताना जास्त ताणली जाते. दिवसभरात वजनाखाली ते पाणी हळूहळू निघून जातं आणि तेच वाकणं सोपं होतं. अमेरिकेत 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनी कंबरदुखी असलेल्यांना एवढंच शिकवलं होतं, की उठल्यापासून साधारण दोन तास कंबरेतून वाकायचं नाही. तेवढ्यानंही त्यांचं दुखणं कमी झालं. म्हणून या माणसानं पहिला बदल आसनात करू नये, वेळेत करावा. पहाटे फिरून यावं आणि नमस्कार संध्याकाळी घालावेत.

दुसरा बदल खुर्चीचा. लाकडी किंवा लोखंडी, न हलणारी खुर्ची पाठ भिंतीला टेकवून ठेवायची. प्लास्टिकची नको, ती सरकते. पादहस्तासनात हात जमिनीऐवजी बैठकीच्या कडांवर टेकायचे, गुडघे किंचित सोडायचे आणि वाकणं कंबरेतून न होता खुब्यातून होऊ द्यायचं. पाठीची रेष सपाट राहिली पाहिजे. ती राहते का हे शेजारी उभ्या माणसाला लगेच दिसतं, एकटं असाल तर बाजूनं काढलेल्या व्हिडिओत दिसतं. मग एक पाय मागे, दुसरा पाय मागे, शरीर तिरकं पण सरळ. कोपर वाकवून छाती खुर्चीकडे. हात सरळ करून छाती उघडायची. कंबर उचलून पर्वतासन. आणि एकेक पाय पुढे आणून उभं राहायचं. हात, खांदे, पोट, मांड्या, श्वासाची लय सगळ्यांना काम मिळालं. वगळलं गेलं ते फक्त कंबरेचं शेवटचं टोकाचं वाकणं. जोरही त्याच कडांवर हात टेकून काढता येतात.

यावर जुन्या वळणाचे लोक म्हणतील, खुर्चीवर घातलेला नमस्कार हा नमस्कारच नव्हे. या आक्षेपाला पुण्यानंच उत्तर देऊन ठेवलं आहे. बी. के. एस. अय्यंगार 1937 साली योग शिकवायला पुण्यात आले आणि अखेरपर्यंत इथेच राहिले. 1975 साली मॉडेल कॉलनी परिसरात त्यांची संस्था उभी राहिली. भिंतीतले दोर, लाकडी ठोकळे, पट्टे, लोड, घडीची लोखंडी खुर्ची ही सगळी साधनं त्यांनी आसनांत आणली. आखडलेल्या किंवा दुखऱ्या शरीरालाही आसनाचं मुख्य काम करता यावं, हा त्यामागचा विचार होता. या पद्धतीची परीक्षाही झाली आहे. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियामध्ये जुनाट कंबरदुखीच्या 90 जणांचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. चोवीस आठवडे अय्यंगार पद्धतीचा योग करणाऱ्यांचं दुखणं आणि कामातली अडचण, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाली. हा अभ्यास छोटा आहे आणि त्यावरून योगच सर्वांत चांगला असं ठरत नाही. पण साधनांचा आधार घेतला म्हणून व्यायाम फुकट गेला, असं म्हणायला जागा उरत नाही.

बैठकांचं थोडं वेगळं आहे. अगदी खाली गेल्यावर बहुतेकांचा माकडहाडाचा भाग आत वळतो आणि कंबर गोल होते. वाकल्यावर दुखणाऱ्याला बैठक नेमकी तिथेच बोचते. त्यानं मागे स्टूल ठेवावं, चार मोजत सावकाश खाली यावं, स्टुलाला नुसतं टेकावं आणि उठावं. कंबर गोल होत असेल तर स्टुलावर उशी ठेवून उंची वाढवावी. घाईघाईच्या पन्नास बैठकांऐवजी अशा दहा-दहाच्या तीन फेऱ्या मांड्यांना पुरेशा थकवतात. जिममध्ये खांद्यावर बार घेऊन बसणाऱ्यांनी काही आठवडे एक पाय पुढे, एक मागे ठेवून दोन्ही हातांत डंबेल घेऊन बैठका काढाव्यात. भार मुख्यतः एका पायावर येत असल्यानं निम्म्याहून कमी वजनातही पायाला तेवढंच काम पडतं, आणि कंबरेवरचं ओझं उतरतं. जमिनीवरून बार उचलणाऱ्यांनी तो ठोकळ्यांवर, गुडघ्याच्या जरा खाली येईल इतका उंच ठेवून उचलावा, वजनही सुरुवातीला निम्मं.

ज्यांना मागे झुकल्यावर दुखतं त्यांना वरचे सगळे बदल उपयोगी नाहीत. त्यांना पादहस्तासन उलट बरं वाटेल. त्यांनी हस्तोत्तानासनात हात फक्त वर न्यावेत, मागे झुकू नये. भुजंगासनाच्या जागी शरीर फळीसारखं सरळ धरून चार-पाच श्वास थांबावं. जोरातही छाती वर उचलून कंबर खाली सोडायचा उत्तरार्ध गाळावा, सरळ खाली जाऊन सरळ वर यावं. पर्वती चढताना त्यांना त्रास कमी होतो आणि उतरताना जास्त, म्हणून उतरताना पावलं लहान टाकावीत.

आता सर्वांत मोठा आक्षेप. एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसली, मणक्यात गॅप आहे असं सांगितलं, मग व्यायाम कसा करायचा? अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. पन्नाशीतल्या 60 टक्के लोकांच्या गाद्या फुगून बाहेर आलेल्या होत्या आणि 80 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या होत्या. विशीतल्या लोकांतही 37 टक्क्यांना झीज होती. या सगळ्यांची कंबर ठणठणीत होती. म्हणून नुसत्या चित्रावरून व्यायाम बंद करणं योग्य नाही. चित्र तुमच्या लक्षणांशी जुळतं का, हे डॉक्टरांना विचारावं.

दुसरी शंका अशी, की बदल एकदा केला की तोच कायमचा होईल. ही शंका रास्त आहे, खूप जणांचं तसं होतंही. म्हणून परतीची वाटही ठरवून ठेवावी. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यावेत. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखत नसेल, तर ते मान्य करावं. असा एक आठवडा गेला की एक पायरी उतरावं. खुर्चीऐवजी विटांची थप्पी घ्यावी, मग एकेक वीट कमी करत जमिनीला यावं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. उंची कमी केली त्या आठवड्यात नमस्कारांची संख्या वाढवू नये, नाहीतर दुखलं तर कशामुळे ते कळणार नाही. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं तर एक पायरी मागे यावं, पूर्ण थांबू नये. दुखणं कंबरेतून मांडीत, पोटरीत उतरू लागलं तर तो बदल चुकला असं समजावं. पायातलं दुखणं वर सरकत कंबरेशी गोळा होत असेल, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ते सुधारणेचं लक्षण मानतात.

हे सगळं साध्या कंबरदुखीपुरतं. लघवी अडली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधल्या जागेला बधिरपणा आला किंवा पायातली शक्ती कमी होऊ लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं, रात्र काढू नये. ताप, विनाकारण घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, किंवा वयस्कर माणसाला पडल्यानंतर सुरू झालेली कळ, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टरांची तपासणी, आणि खुर्ची भिंतीला लावायची ती त्यानंतर.