वहीच्या पानावरील शेरा



आजचा विषय फार लहान आहे. एका वहीचे एक पान, त्यावर बाईंनी तांबड्या शाईने केलेले चार शेरे, आणि ते शेरे मराठीत आणून आईच्या हाती देणे, एवढाच. यासाठी वसंत व्याख्यानमालेचा एक दिवस खर्ची घालावा का, असे कोणी विचारील. पण आमच्या इचलकरंजीत यंत्रमागावर राबणाऱ्या कित्येकांची मुले आता इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात. बाईंचा शेरा इंग्रजीत असतो आणि ज्याच्यासाठी तो लिहिलेला असतो त्या बापाला किंवा आईला तो वाचता येत नाही. मग वहीच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढायचा आणि युनियनच्या माणसाकडे पाठवायचा, हा रिवाज पडला आहे.

आमचे इंग्रजी शाळेतले नव्हे. ते चार्जशीटांवर आणि कारणे दाखवा नोटिसांवर शिकलेले आहे. त्या शिक्षणाचा एक फायदा झाला. शब्दाचे वजन तोलण्याची सवय लागली. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखाली जे नमुना आदेश होते, त्यांत गैरवर्तनाच्या यादीत कामातील हयगय होती, पण तिच्यामागे 'हॅबिच्युअल', म्हणजे सवयीची, असा शब्द होता. एकदा झालेली हयगय आणि सवयीची हयगय यांत माणसाची नोकरी जाण्या-राहण्याचे अंतर आहे. भाषांतर करणाऱ्याने तो एक शब्द गाळला, तर कामगार न केलेला गुन्हा कबूल करून मोकळा होतो. शाळेच्या वहीवर नोकरी जात नाही. तरी मुलाच्या पाठीवर काय पडते, हे त्याच एका शब्दावर ठरू शकते.

आता ते पान सांगतो. मुलगा पाचवीतला. आई कांड्या भरते, बाप रातपाळीला मागावर. पानावर वजाबाकीची आठ गणिते. चौथे गणित चुकले होते. ५००३ मधून १४६७ वजा करायचे होते. उत्तर ३५३६ यायला हवे. पोराने लिहिले होते ३६४६. हातचा शून्यावरून घेताना मधली शून्ये नऊ व्हायला हवीत, ती त्याने दहाच धरली. त्या गणिताशेजारी बाईंनी लिहिले होते, "केअरलेस! यू नो धिस." सहाव्या गणिताचे उत्तर बरोबर, त्यावर खूणही बरोबरची, पण मधली मांडणी नाही. तिथे लिहिले होते, "हाऊ डिड यू गेट धिस?" पानाच्या तळाशी पालकांसाठी तीन ओळी होत्या आणि सहीची जागा.

आमच्याकडे येण्याआधी तो फोटो शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या पोराने वाचला होता. त्याने आईला सांगितले ते असे: "मुलगा निष्काळजी आहे, उत्तर कुठून आणलं असं विचारलंय, वर्गात लक्ष देत नाही, त्याला येत नाही, याची दखल घ्या." बापाने ऐकले आणि म्हणाला, फी पाण्यात चालली आहे, जूनपासून नाव काढू. आईचे समाधान होईना. ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "दादा, बाई तशी न्हाई वो. एवढं सगळं वाईटच लिवलंय का, बघा की जरा."

प्रथम फोटोचेच पाहू. फोटो रात्री, ट्यूबलाइटखाली काढलेला. काढणाऱ्याच्या हाताची सावली पानाच्या खालच्या भागावर पडलेली आणि शेवटची ओळ अर्धी कापलेली. शिवाय कागद पातळ. मागच्या पानावरची शाई पुढे उमटलेली. अशा फोटोवरून भाषांतराला बसूच नये. आम्ही तिला सांगितले, "उद्या सकाळी दारात, उन्हात नव्हे, उजेडात, वही सपाट ठेवून दोन फोटो काढा. एक अख्ख्या पानाचा, चारी कडा दिसतील असा. दुसरा फक्त खालच्या ओळींचा, जवळून. आणि पान उलटून मागच्या बाजूचाही एक." तिसऱ्या फोटोचे कारण लगेच कळेल.

तळाची पहिली ओळ होती, "ही इज नाऊ अटेंटिव्ह इन क्लास." शेजारच्या पोराने 'नाऊ'चे 'नॉट' वाचले होते. 'आता लक्ष देतो' आणि 'लक्ष देत नाही' यांत इंग्रजीत एकाच शेवटच्या अक्षराचा फरक आहे, आणि घाईच्या अक्षरात ती दोन अक्षरे जवळजवळ येतात. अर्थावरून निवाडा करावा, असे कोणी म्हणेल. पण पुढची ओळ होती, "कॅन डू मच बेटर." ती दोन्हींना जुळते. म्हणून अर्थ बाजूला ठेवून हात पाहावा लागतो. बाईंनी त्याच पानावर 'टी' हे अक्षर अनेकदा काढले होते. प्रत्येक ठिकाणी आडवी रेघ लांब, डावीकडून उजवीकडे ओढलेली, शेजारच्या अक्षरावर गेलेली. शंकेच्या शब्दात आडवी रेघ होती, पण आखूड आणि फिकट. शिवाय त्याचे शेवटचे टोक वर वळलेले होते, आणि अगदी तसेच वळण सहाव्या गणिताच्या 'हाऊ' मधल्या शेवटच्या अक्षराला होते. मग ती फिकट रेघ कुठली? मागच्या पानाचा फोटो पाहिला. तिथे बरोबर त्या जागी पोराने बेरजेखाली मारलेली रेघ होती. ती पुढे उमटून 'नाऊ'च्या डोक्यावर बसली होती. दिवसाच्या फोटोत ती निळी दिसली, शेरा तांबडा. रात्रीच्या फोटोत दोन्ही काळपट दिसत होते.

मजकूर ठरला, म्हणजे निम्मे काम झाले. आता स्वर. 'केअरलेस'ला कोशात निष्काळजी हा शब्द आहे आणि तो चूक नाही. पण मराठीत 'निष्काळजी' हा शब्द माणसावर बसतो. मोटार अपघाताच्या फिर्यादीत तो असतो. दहा वर्षांच्या पोराला गणितावरून कोणी निष्काळजी म्हणत नाही. शिवाय बाईंनी पुढे तीन शब्द लिहिले होते, तुला हे येते. तेही खरेच होते, कारण पानावरच्या दुसऱ्या दोन गणितांत तसाच शून्यावरचा हातचा त्याने बरोबर घेतला होता. तेव्हा आम्ही लिहिले, "काय हा धांदरटपणा! हे येते तुला." उद्गारचिन्ह ठेवले, कारण ते बाईंचे आहे. रागावणे आहेच, पण ते एका गणितापुरते आहे.

"हाऊ डिड यू गेट धिस?" याचे 'हे कुठून आणलंस' केले की चोरीचा आळ येतो. 'हे कसं काय आलं' यातही खोच आहे. बाईंनी बरोबरची खूण केली होती, प्रश्नचिन्ह एकच होते, खाली रेघ नव्हती. संशय असता तर खूण हात राखून केली असती. म्हणून "हे उत्तर तू कसे काढलेस?" एवढेच. येथे आणखी एक गोष्ट. इंग्रजीत 'यू' एकच. मराठीत तू, तुम्ही, आपण यांतून निवड करावीच लागते, आणि ती निवड मूळ कागदावर लिहिलेली नसते. समासातले शेरे पोराला उद्देशून आहेत, तिथे 'तू'. तळचा मजकूर आईबापाला आहे, तिथे 'तू' घातला तर आईचा अपमान होतो, आणि 'आपण' घातले तर कचेरीचा वास येतो.

'कॅन डू बेटर' हे शाळेतले मोठे फसवे वाक्य. शब्दशः 'अधिक चांगले करू शकेल' असे मराठीत लिहिले की ती शाबासकी वाटते. इंग्रजी शाळेत ती तक्रार आहे: अंगात आहे तेवढे करीत नाही. 'सॅटिस्फॅक्टरी'चेही तसेच. आपल्याकडे 'समाधानकारक' म्हटले की बाप पेढे आणील. तिकडे त्याचा अर्थ बेताचे, कामापुरते. बाईंनी पुढे लिहिले होते, "इट इज नॉट दॅट ही कॅनॉट. ही डझ नॉट सिट टु इट." पहिल्या वाक्यात दोन नकार आहेत. शेजारच्या पोराने एकच धरला आणि 'त्याला येत नाही' असे सांगून मोकळा झाला.

पण येथे उलट बाजूचाही धोका आहे, आणि आमच्यासारख्यांना तोच अधिक. आई समोर बसलेली असते, रडवेली झालेली असते, तिला बरे वाटावे म्हणून शेरा गोड करून सांगण्याचा मोह होतो. तसे केले तर बाईंची तक्रार आईपर्यंत पोहोचतच नाही आणि पोरगे बसायचे तसे बसत नाही. म्हणून तक्रार तक्रारच ठेवली. तळचा सगळा मजकूर असा झाला: "आता वर्गात त्याचे लक्ष असते. पण याहून पुष्कळ चांगले करण्याजोगा आहे. त्याला जमत नाही असे नाही; तो बैठकच मारीत नाही. तेवढे घरी पाहावे." शेवटचे वाक्य 'काइंडली सी टु इट' याचे. आपल्या देशातल्या इंग्रजीत 'काइंडली' म्हणजे साधी विनंती. 'कृपया दखल घ्यावी' म्हटले की ती सरकारी नोटीस होते. मराठीत विनंती क्रियापदातच येते. 'पाहावे' म्हटले की झाले.

हे आम्ही तोंडी सांगितले नाही, लिहून दिले. तोंडी सांगताना आपला आवाज त्यात मिसळतो, आणि आई तो घरी जाऊन नवऱ्याला आपल्या आवाजात सांगते. कागदावर प्रत्येक शेऱ्यापुढे गणिताचा आकडा घातला. कोणता शब्द कोणत्या कारणाने असा वाचला, ते वेगळ्या ओळीत, आमचे म्हणून लिहिले. बाईंच्या वाक्यात आमचे काही घुसू दिले नाही.

बापाने कागद दोनदा वाचला. नाव काढण्याची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही. पोराला मात्र चौथे गणित त्याच्यासमोर बसून करावे लागले. हातचा कुठे राहिला, हे बापाला पोरापेक्षा आधी दिसले.

सही करायची त्या जागी आईला चार शब्द लिहायचे होते. ती म्हणाली, "बाई, तुमचं बरोबर हाय. सांजचं मी कामावर असती, त्येचा बा रातीला. सकाळी सहाला बसवती." याचे इंग्रजी करताना काही लोक 'रिस्पेक्टेड मॅडम'पासून सुरुवात करून 'हंबली' आणि 'ओबीडियंटली' घालतात. ती अर्जाची भाषा. आई अर्ज करीत नव्हती, बरोबरीने सांगत होती. आम्ही तीन सरळ वाक्ये लिहिली, आरंभी 'मॅडम', आणि 'प्लीज' एकदाही नाही, कारण तिने काही मागितले नव्हते. ती वाक्ये आईने स्वतःच्या हाताने, अक्षर अक्षर पाहून वहीत उतरवली आणि खाली मराठीत सही केली.

दोन दिवसांनी पुन्हा फोटो आला. या खेपेला दिवसाच्या उजेडातला, चारी कडा दिसणारा. आईच्या ओळींखाली बाईंनी लिहिले होते, "मॉर्निंग इज फाइन. थँक यू." आम्ही कळवले: "सकाळची वेळ चालेल. आभारी आहे."