शेअर विकला नाही, तरी कर?

दिवाळीत पुण्याचा पुतण्या आमच्याकडे लक्ष्मीबाई नगरला आला आणि म्हणाला, "काका, एकही शेअर विकला नाही, तरी पगारातून दीड लाख कापले!"

कागद मांडले. कंपनीने १,००० शेअर प्रत्येकी १०० रुपयांना दिले होते. त्याने ऑप्शन वापरला त्या दिवशी बाजारातल्या उघडत्या आणि बंद भावाची सरासरी ६०० निघाली. फरक ५ लाख. हा फरक पगाराचाच भाग धरतात. ३० टक्के आणि सेस मिळून कर १,५६,०००.

पुढे भाव २५० वर आला आणि त्याने सगळे विकले. हाती अडीच लाख. खर्च मात्र १ लाख अधिक कर, म्हणजे २,५६,०००. कर ६०० वर भरल्यामुळे विक्रीच्या हिशेबात खरेदी किंमतही ६०० च धरतात. म्हणून कागदावर साडेतीन लाखांचा भांडवली तोटा दिसतो, पण तो पगारातून वजा होत नाही. फक्त भांडवली नफ्यातून, पुढची ८ वर्षे.

इन्फोसिसच्या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने कर नाकारला होता, पण तो निकाल एप्रिल २००० पूर्वीच्या तरतुदींवरचा.

तेव्हा ऑप्शन वापरतानाच कराच्या रकमेपुरते शेअर विकून टाका.