वक्त्याचा परिचय : चार वाक्यांत



आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते अशाच व्याख्यानमालांच्या मागच्या खुर्च्यांवर बसून झाले. त्यामुळे व्याख्याने जितकी ऐकली तितकेच वक्त्यांचे परिचयही ऐकले, आणि युनियनच्या कामात पडल्यावर ते करून देण्याची पाळीही पुष्कळदा आमच्यावर आली. आज त्यातल्या एकाच गोष्टीविषयी बोलायचे आहे. वक्त्याकडून दोन पानी बायोडेटा येतो. त्याची चार वाक्ये करून सभेच्या चिटणिसाच्या हाती द्यायची असतात. ती कशी करावी?

आधी आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी सूतगिरणीच्या वस्तीत आम्ही एका डॉक्टरबाईंचे व्याख्यान ठेवले होते. परिचय आम्हीच करून दिला. बायोडेटा हातात घेतला आणि वरपासून खालपर्यंत वाचला : पदव्या, सुवर्णपदक, तीन रुग्णालये, सहा समित्या, सतरा निबंधांची नावे. त्यात आमची स्तुतीची फोडणी. अकरा मिनिटे गेली. समोर बसलेल्या निम्म्या मंडळींना रात्रपाळीला जायचे होते. बाई शेवटी जे सांगायला आल्या होत्या, म्हणजे छातीची तक्रार असेल तर औषधाच्या चिठ्ठ्या, तपासणीचे कागद आणि हजेरीचा पुरावा जपून ठेवा, त्यावाचून भरपाईचा दावा उभा राहात नाही, ते सांगेपर्यंत रात्रपाळीची मंडळी उठून गेलेली होती. त्यांपैकी एक गृहस्थ पुढे दोन वर्षांनी आमच्या कचेरीत आले. खोकत होते. दावा करायचा होता, आणि जवळ एकही चिठ्ठी नव्हती. ‘‘त्या सभेला मी होतो, साहेब,’’ असे ते म्हणाले तेव्हा आम्हांला खाली पाहावे लागले.

त्याच बाईंना आम्ही पुन्हा बोलावले, तेव्हाची हकीकत आता तपशिलाने सांगतो.

बायोडेटा लिहिलेला असतो नोकरी देणाऱ्यासाठी किंवा समितीसाठी. तो नामांचा ढिगारा असतो. त्यात क्रियापद सापडत नाही. ‘सदस्य’, ‘सल्लागार’, ‘मानद’ हे शब्द कानांवरून घसरून जातात, कारण माणसाने काय केले ते त्यांतून दिसत नाही. म्हणून आम्ही पेन्सिल घेऊन एकच प्रश्न विचारीत गेलो : आजच्या विषयावर बोलण्याचा हक्क या बाईंना कोणत्या ओळीने दिला? सुवर्णपदकाने नाही दिला. समित्यांनीही नाही. दुसऱ्या पानाच्या तळाशी, ‘इतर’ या मथळ्याखाली एक ओळ होती : ‘कामगार वस्तीत श्वसन-तपासणी, ११ वर्षे.’ आमच्या अनुभवात कामाची ओळ पुष्कळदा अशीच तळाशी असते. माणसाला ज्याचे प्रशस्तिपत्र मिळालेले नसते ते तो शेवटी लिहितो.

पण एवढ्या ओळीवर वाक्य होत नाही. आम्ही बाईंना फोन केला आणि विचारले, तपासणी म्हणजे नेमके काय करता? त्या म्हणाल्या, साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी कामगार पाळीवर जाण्यापूर्वी त्याला यंत्रात जोराने फुंकर मारायला लावायची, आणि पाळी सुटल्यावर पुन्हा. दोन्ही आकडे वहीत मांडायचे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या विकारात त्याच दिवशी छाती जास्त आवळते आणि संध्याकाळचा आकडा घसरतो. झाले; वाक्य मिळाले. त्याच फोनवर आणखी दोन गोष्टी विचारून घेतल्या. एक, आडनावाचा उच्चार. दुसरी, आजही त्या रुग्णालयात आहात का? नव्हत्या, ती नोकरी सोडून त्यांना वर्ष झाले होते. बायोडेटा हा नेहमी थोडा शिळा असतो.

मग चार वाक्ये बसविली, ती अशी :

‘‘सुट्टी संपवून कामावर गेले की छाती आवळते, असे सूतगिरणीतले कामगार सांगतात. हे दुखणे की बहाणा, ते पाहण्यासाठी आजच्या वक्त्यांनी अकरा वर्षे कामगारांचा श्वास पाळीच्या आधी आणि पाळीनंतर यंत्रावर मोजला. त्या छातीच्या विकारांच्या डॉक्टर आहेत आणि हे दुखणे ओळखावे कसे आणि कोणते कागद जपावे, ते त्या आज सांगतील.’’ आणि चौथे वाक्य, ‘‘ऐकू या, डॉक्टर अमुक अमुक.’’

पहिले वाक्य श्रोत्यांचे आहे, वक्त्याचे नाही. ते ऐकून मागच्या रांगेतला माणूस मान वर करतो, कारण छाती त्याची आहे. मात्र तेथे प्रश्न ठेवावा, उत्तर देऊ नये. पहिल्या मसुद्यात आम्ही संध्याकाळी आकडा घसरतो हेही लिहिले होते. मग ध्यानात आले की बाईंच्या व्याख्यानाचा गाभाच आम्ही पळवतो आहोत. दुसऱ्या वाक्यात काम आहे, तिसऱ्यात पदवीला चार शब्द आणि आजचा विषय. कागदांचा उल्लेख तिथे मुद्दाम घातला, का ते आपण जाणताच. नाव अगदी शेवटी, म्हणजे टाळ्या नावावर पडतात आणि वक्ता त्या टाळ्यांतच उठून उभा राहतो. आधी नाव घेऊन मग माहिती दिली की बिचारा अर्धा उठतो, पुन्हा बसतो.

‘कामगारांना भरपाई मिळवून देणाऱ्या’ असेही लिहिण्याचा मोह झाला होता. सभेत ते शोभले असते. पण बाईंनी साक्ष दिलेला एक दावा त्या वेळी चालू होता, निकाल लागायचा होता. असे वाक्य गेले असते तर बाईंची पहिली पाच मिनिटे ते खोडण्यात गेली असती, आणि त्या साक्षीदार नाहीत, पक्षकारच आहेत, असे म्हणायला दुसऱ्या बाजूला निमित्त मिळाले असते. ज्या गोष्टीला वक्त्याने स्वतः ‘हो’ म्हटलेले नाही ती परिचयात घालू नये. चारही वाक्ये आम्ही बाईंना वाचून दाखविली. ‘तज्ज्ञ’ हा शब्द होता, तो त्यांनी काढायला लावला.

नंतर ती वाक्ये मोठ्याने म्हणून पाहिली. डोळ्यांना चालते ते जिभेला चालेलच असे नाही. दुसऱ्या वाक्यात मूळ ‘श्वसनक्षमतेचे मापन केले’ असे होते. तिथे दोनदा अडखळलो, म्हणून ‘श्वास मोजला’ केले. एका दमात वाक्य संपेना तर ते कापावे. सगळे मिळून अर्ध्या मिनिटाच्या आसपास झाले. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर ठळक अक्षरांत उतरविले, प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर, आकडा अंकात नव्हे तर अक्षरांत, आणि आडनाव तोडून तोडून, जसे उच्चारायचे तसे. बायोडेटा मात्र चिटणिसांना दिला नाही. दिला असता तर त्यांनी तो वाचलाच असता. आम्ही नव्हता का वाचला!

चिटणीस जरा नाराज झाले. एवढ्या मोठ्या बाईंचा एवढासा परिचय, त्यांचा अपमान नाही का होणार, म्हणाले. आम्ही म्हटले, सुवर्णपदकाची हकीकत सभागृहाच्या दारावर फळ्यावर लिहून लावू या, ज्यांना हवी ते वाचतील. तसे केले. आठ वाजता चिटणीस उभे राहिले, कार्डावरचे वाचले, नाव घेतले आणि बसले. रात्रपाळीची मंडळी उठली ती साडेनऊला, आणि तोवर कागदांची यादी सांगून झाली होती. दोघातिघांनी ती हातावरच पेनने लिहून घेतली होती.